मुंबईच्या पावसात अंड्यांच्या कोंबड्यांची गादी कोरडी ठेवताना

सकाळी शेडचे दार उघडल्यावर पहिल्या श्वासाला जो वास येतो, तोच खरा. दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला नाक सरावते आणि पाच मिनिटांनी आपण म्हणतो, “छे, आज काही वास नाही.” त्यामुळे माझा पहिला नियम असा की पडदे उघडण्याआधी आत जायचे, कोंबडीच्या उंचीला नाक येईल इतके खाली उकिडवे बसायचे आणि एकच श्वास घ्यायचा. मातीसारखा, थोडा आंबूस वास आला तर शेडच्या जमिनीवर अंथरलेली तूस-भुशाची गादी ठीक आहे. नाकात सुईसारखे टोचले तर अमोनिया सुटू लागला आहे. डोळे चुरचुरून पाणी आले, तर कोंबड्यांनी ते रात्रभर सोसलेले आहे. अमोनियाचे प्रमाण २५ पीपीएमच्या वर जाऊ देऊ नये असे पोल्ट्रीत मानतात. आपले डोळे झोंबतात तेव्हा ही रेघ बहुधा ओलांडलेली असते.

आमचे घर गोराई गावठाणात. मागच्या पडवीला लागून ८ बाय १० फुटांचे शेड आहे आणि त्यात २५ अंड्यांच्या कोंबड्या आहेत. अंड्यावरच्या कोंबडीला जमिनीवर किमान २ ते अडीच चौरस फूट जागा लागते. आमच्याकडे ती सव्वातीनच्या आसपास पडते, म्हणजे दाटी नाही. तरीही एका जुलैत आमची गादी अशी बिघडली की शेजारच्या माईंनी कुंपणावरून विचारले, “गटार फुटलं काय गो तुमच्याकडं?” ती गादी कशी बिघडली आणि परत कशी आणली, ते सगळे पुढे येईल. त्याआधी गादीत पाणी येते कुठून ते पाहू, कारण वासाचे मूळ तिथेच आहे.

पाणी येते कुठून

कोंबडी लघवी वेगळी करत नाही. विष्ठेवर जी पांढरी टोपी दिसते ती युरिक अॅसिडची, आणि कोंबडीच्या अंगातला बराचसा नायट्रोजन त्यातूनच बाहेर पडतो. गादीतले जिवाणू हे युरिक अॅसिड फोडतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. ओल वाढली की हे काम झपाट्याने होते. गादी जरा कोरडी असली की ते मंदावते, आणि तयार झालेला नायट्रोजनही बराचसा गादीतच अडकून राहतो. म्हणून वासाशी भांडायचे म्हणजे खरे तर ओलीशी भांडायचे.

एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम विष्ठा टाकते आणि तिच्यात पाऊण हिस्सा पाणी असते. २५ कोंबड्यांचा हिशेब धरा. रोज पावणेतीन किलोच्या आसपास विष्ठा, म्हणजे रोज २ लिटर पाणी आपण गादीवर ओततो आहोत. मार्चमध्ये हे पाणी दुपारच्या वाऱ्याने उडून जाते, आपल्याला कळतही नाही. जुलैमध्ये हवाच ओलीने भरलेली असते, ती आणखी पाणी घेणार कुठून? वर पाण्याचे भांडे सांडले, पागोळी आत आली, जमिनीतून ओल चढली, तर त्या २ लिटरचे ४ लिटर कधी होतात ते समजत नाही.

गादी घालायची ती फेब्रुवारीत

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास धरतो. गादी मुरायला, म्हणजे तिच्यातले जिवाणू वाढून विष्ठा पचवू लागायला, निदान दोन महिने कोरडी हवा मिळावी लागते. मेच्या शेवटी नवी गादी घातली तर ती कच्ची असतानाच पाऊस येतो आणि ती गादी न होता चिखल होते. आमचे पहिले वर्ष असेच वाया गेले. तेव्हापासून फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ठरलेला.

खालची जमीन आधी पाहावी. शेडचे जोते बाहेरच्या जमिनीपेक्षा दीड-दोन फूट उंच असले तर उत्तम, निदान एक फूट तरी हवेच. आमच्या शेडला कोबा आहे, पण समुद्राजवळच्या जागेत कोब्यातूनही ओल वर येते. तपासायला सोपी युक्ती आहे. हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा रिकाम्या जमिनीवर पसरा, कडांवर विटा ठेवा आणि रात्रभर सोडा. सकाळी प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले तर ओल जमिनीतून चढते आहे. मग गादीखाली जाड ताडपत्री अंथरावी, कडा भिंतीवर वीतभर चढवाव्यात. जमीन उघडी आहे तोवरच विझवलेल्या चुन्याची भुकटी भुरभुरावी. चुना गादीखाली शोभतो, वर नाही. का, ते पुढे सांगते.

अंथरायला भाताचे तूस आणि सुतारकामातला भुसा असे दोन्ही आम्ही मिसळून घेतो. तूस पाणी कमी शोषते, पण लवकर सुकते आणि त्याचा थर बसत नाही. बारीक भुसा पाणी भरपूर धरतो, मात्र त्याची पपडी लवकर होते आणि कोरडा असताना धूळ उडते. म्हणून भुसा घ्यायचा तर रंधा मारताना पडणाऱ्या कुरळ्या चिपांचा घ्यावा, करवतीखालचा पिठासारखा नव्हे. प्लायवूडचा किंवा औषध मारलेल्या लाकडाचा भुसा दारातूनच परत पाठवावा. बुरशीचा वास येणारी गोणीही नको. बुरशीचे कण कोंबडीच्या फुफ्फुसात बसतात आणि त्यावर नंतर इलाज करणे कठीण असते. गोणीत कोपरापर्यंत हात घालून बघा. आत गरम किंवा दमट लागले तर गोणी घेऊ नका.

सुरुवातीला थर ६ इंच ठेवावा. ८ बाय १० म्हणजे ८० चौरस फूट, गुणिले अर्धा फूट, म्हणजे ४० घनफूट माल. ५० किलो तांदळाच्या रिकाम्या गोणीत साधारण सव्वादोन घनफूट तूस मावते, म्हणजे सतरा-अठरा गोण्या लागल्या. त्यानंतर दर दोन-तीन आठवड्यांनी अर्धा-पाऊण इंच नवा माल टाकत जावे. जूनच्या सुरुवातीला ८ इंच आणि वर्षअखेरीस १० ते १२ इंच, हा आमचा अंदाज. खोली मोजायला भिंतीवर रंगाने ६, ८, १० आणि १२ इंचांच्या रेघा ओढून ठेवल्या आहेत, म्हणजे “वाटतंय पुरेसं आहे” असे कोणी म्हणू शकत नाही.

४ इंचांहून पातळ थराला गादी म्हणू नये. त्यात विष्ठा सुकायलाही जागा नसते आणि मुरायलाही. उलट पहिल्याच दिवशी फूटभर माल ओतणे हाही मूर्खपणा आहे. कोंबड्या वरचे चार बोटे तेवढे उकरतात, खालचे तसेच पडून राहते.

पावसाळ्यासाठी सात-आठ गोण्या तूस मेमध्येच आणून माळ्यावर, भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर रचून ठेवावे. जुलैत गिरणीतून येणारी गोणी वाटेतच भिजते, आणि ओली गोणी गादीवर ओतून काय साधणार?

खालीवर करणे

गादी हलवायचे काम कोंबड्यांकडून करून घ्यावे, कारण त्या आपल्यापेक्षा बरे करतात. संध्याकाळी चारच्या सुमारास कणी किंवा ज्वारी, दर कोंबडी ५ ते १० ग्रॅम, गादीवर विखरून टाकायची. आमच्याकडे दोन मुठी पुरतात. त्या जिथे उकरत नाहीत तिथेच मुद्दाम टाकायची, म्हणजे कोपऱ्यांत, भिंतीकडेला आणि बसायच्या दांडीच्या पुढे. अर्ध्या तासात तो भाग नांगरल्यासारखा होतो.

तरी आपले हात लागतातच. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा आणि पावसाळ्यात जवळजवळ रोज दाताळ्याने गादी हलवावी. खोऱ्याने नको, खोरे दाबते. दाताळे ३-४ इंच खोल घालून माल वर उचलायचा आणि सैल टाकायचा, इतकेच. पावसाळ्यात तळापर्यंत उलथापालथ करू नये. खालचा थर मुरलेला असतो आणि त्यात साठलेला अमोनिया एकदम मोकळा होतो. तळापासून उलटायचे काम नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या हवेत करावे, तेही कोंबड्या बाहेर काढून.

वेळ साधली पाहिजे. सकाळी पडदे उघडून तासभर वारे खेळल्यावर, किंवा दुपारी उघडीप असताना हलवावे. संध्याकाळी हलवून पडदे लावले की मोकळी झालेली वाफ आणि अमोनिया रात्रभर कोंबड्यांच्या नाकाशी राहतात. आणि बाहेर झड लागलेली असताना हलवून गादी सुकत नाही, नुसता वास उठतो. अशा दिवशी हलवायचे सोडून ढेपा उचलायच्या.

ढेप म्हणजे विष्ठा आणि तूस दाबून झालेली चिवट पपडी, पायाखाली दबते पण तुटत नाही अशी. नवख्या माणसाला वाटते ती फोडून आत मिसळावी. मिसळू नये. ढेपेत पाणी कोंडलेले असते, ती फोडून तुम्ही ते सगळ्या गादीभर वाटता. सरळ घमेल्यात भरून बाहेर खड्ड्यात टाकावी.

ओल हाताने आणि तव्यावर मोजणे

गादीतली ओल २० ते ३० टक्के असावी. २० च्या खाली गेली तर धूळ उडते आणि कोंबड्या शिंकतात. ३५ च्या वर ढेपा होतात आणि वास सुरू होतो. रोजच्या कामाला मूठ पुरते. वरचा थर बाजूला सारून दोन इंच खालचा माल मुठीत घट्ट दाबा आणि हात उघडा. माल लगेच भुरभुर सुटला तर कोरडा आहे. क्षणभर गोळा राहून बोटाने टोचताच विस्कटला तर बरोबर आहे. लाडवासारखा गोळा बसला आणि तळहात ओला झाला, तर त्या जागी काम काढा.

मुठीचा अंदाज पक्का होईपर्यंत तव्यावर तपासून घ्यावे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बरोबर १०० ग्रॅम माल तोलायचा आणि जुन्या तव्यावर मंद आचेवर, घराबाहेरच, परतत राहायचे. (मी एकदा हे आत ओट्यावर केले. दोन दिवस घरात कोणी नीट बोलले नाही.) करपू द्यायचे नाही. दहा-दहा मिनिटांनी तोलायचे आणि वजन उतरायचे थांबले की झाले. ७२ ग्रॅम उरले तर ओल २८ टक्के होती. सरळ वजाबाकी आहे.

नमुना एकाच जागेचा घेऊ नका. पाण्याच्या भांड्याजवळ, दांडीखाली, पावसाच्या बाजूची भिंत, मध्यभाग आणि दारापाशी, अशा पाच जागा. त्या पाच आकड्यांवरून पाणी कुठून येते ते आपोआप कळते.

त्या जुलैची गोष्ट, आकड्यांसकट

चार दिवस सलग झड होती. नैऋत्येचे वारे असल्याने आमच्याकडे पाऊस दक्षिणेच्या जाळीतून आत मारतो. मी घाबरून दोन्ही बाजूंचे पडदे वरपासून खालपर्यंत बंद करून टाकले. पाचव्या दिवशी सकाळी दार उघडले तर डोळे झोंबले. दोन कोंबड्या डोळे मिटून, मान आखडून बसलेल्या होत्या आणि एक पंखाच्या खांद्यावर डोळा घासत होती. त्या दिवशीच्या १४ अंड्यांपैकी ६ अंड्यांना घाण लागली होती. पायाला चिखल असला की अंडी मळतात, ही खूण नाकाच्या आधी मिळते. कोंबड्यांचे तळपायही पाहावेत. ओल्या गादीत पायाखालची कातडी मऊ पडून काळी खपली धरते आणि पुढे गळू होते.

पाच जागांचे नमुने तव्यावर घातले. मध्यभागी २९ टक्के, दाराशी २७. म्हणजे गादी मुळात मेलेली नव्हती. भांड्याजवळ ४४, दांडीखाली ३८ आणि दक्षिणेच्या भिंतीलगत ४१. दोष या तीन जागांचा होता.

काकांचे म्हणणे होते, “दहा गोण्या तूस ओत वरून, बसेल सगळं.” मी हिशेब मांडला. भांड्याभोवती तीन फूट व्यासाच्या वर्तुळात ७-८ इंच खोल माल होता, साधारण ५० किलो. ४४ टक्के ओल म्हणजे त्यात २२ किलो पाणी. कोरड्या तुसातही १२ टक्क्यांच्या आसपास ओल असतेच. हा माल ३० टक्क्यांवर आणायला किती तूस मिसळावे लागेल? ३९ किलो. एका गोणीत तूस भरते ६-७ किलो, म्हणजे एवढ्याशा वर्तुळासाठी सहा गोण्या! आणि पाणी सगळे शेडमध्येच राहणार. त्यापेक्षा ती ५० किलो घाण उचलून बाहेर काढली तर २२ किलो पाणी एका फेरीत शेडबाहेर जाते आणि जागा भरायला दोन गोण्या पुरतात. तेव्हापासून आमचा पावसाळ्यातला नियम असा की आधी ओले बाहेर, मग कोरडे आत.

पहिल्या दिवशी कोंबड्या पडवीत कोंडल्या आणि तिन्ही जागांच्या ढेपा काढल्या. भांड्याखालचे सगळे जमिनीपर्यंत उचलले, दांडीखालचे आणि भिंतीलगतचे वरचे चार इंच. अठरा घमेली निघाली. जमीन पुसून कोरडी केली. तूस मात्र लगेच टाकले नाही, कारण मूळ दोष दुरुस्त केल्याशिवाय कोरडा माल टाकणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे.

भांडे आधी पाहिले. ते जमिनीवर विटेवर ठेवलेले होते आणि गादी वाढत गेल्याने आता कोंबडीच्या छातीइतके खाली आले होते. कोंबड्या त्यात चोच फिरवून पाणी उडवत. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला असावी आणि गादी चढेल तसे भांडे चढवावे. आम्ही ते दोरीने टांगले, पाणी एक तृतीयांशापेक्षा जास्त भरायचे नाही असे ठरवले आणि खाली दोन फूट चौकोनी लाकडी चौकट ठेवून तिच्यावर जाळी ठोकली. सांडलेले पाणी आता चौकटीखालच्या घमेल्यात पडते. भांड्याऐवजी चोचीने दाबून पाणी प्यायचे निप्पल असतील तर कोंबडीला मान थोडी ताणून प्यावे लागेल अशी उंची ठेवावी आणि प्रत्येक निप्पलखाली एक मिनिट कोरडा हात धरून ठिबकतो का ते पाहावे.

मग दांडी. कोंबडी रात्री बसते तिथेच दिवसभरातली निदान तिसरा हिस्सा विष्ठा पडते. आमच्या हिशेबाने किलोभर, रोज, एकाच पट्टीत. दांडीखाली वीतभर अंतरावर पत्र्याची उतरती फळी बसवली. रोज सकाळी ती खरवडायची, जास्तीत जास्त तीन मिनिटांचे काम. गादीवर पडणारे पाणी या एका फळीने जितके कमी केले तितके दुसऱ्या कशाने केले नाही. आता कोणी एकच गोष्ट करायची विचारली तर मी हीच सांगते.

पडद्यांची माझी चूक सगळ्यात महाग पडली. पाऊस अडवायचा, पण वाफ कोंडायची नाही, हे दोन्ही साधायचे तर पडदा खालून वर चढणारा हवा. पावसाच्या बाजूचा पडदा वर फूटभर उघडा ठेवून बाकी झाकायचा. उलट बाजूचा जवळजवळ पूर्ण उघडा ठेवायचा. गरम दमट हवा वरून निघून जाते. आमचा पडदा वरून खाली सोडायचा होता, म्हणजे अर्धा उघडला की नेमकी खालची बाजू उघडी पडायची आणि झड थेट गादीवर. दोरी उलटी बांधून घेतली. छपराची वळचण दीड फुटाचीच होती, तिला पत्रा जोडून साडेतीन फूट बाहेर काढली. पागोळ्यांचे पाणी जोत्यावर आपटून आत उडू नये म्हणून खाली खडी टाकली.

तिसऱ्या दिवशी, कारणे मिटल्यावर, तिन्ही जागी कोरडे तूस भरले आणि त्यात मध्यभागातला मुरलेला माल दोन घमेली मिसळला. दुपारी उघडीप मिळेल तेव्हा उभा पंखा गादीच्या वरून आडवा वाहील असा तासभर लावला. बोर्ड बाहेर आणि वायर उंचावरून घेतली, कारण तुसाची धूळ आणि ठिणगी एकत्र नकोत. हवा दमट असताना पंख्याने कितीसे सुकते, असे वाटेल. पण गादी आतून कोमट असते, म्हणून थोडे तरी उडतेच.

आठव्या दिवशी भांड्याजवळ २८ टक्के, दांडीखाली ३० आणि भिंतीलगत ३३ होती. वास सकाळच्या पहिल्या श्वासालाच काय तो जाणवे. डोळे मिटून बसणाऱ्या दोघी चौथ्या दिवशी बाहेर उकरू लागल्या होत्या. डोळ्यावर पांढुरका पडदा आला असता, किंवा विष्ठेत रक्त दिसले असते, तर मी पशुवैद्यकांना बोलावले असते. रक्ती हगवण पसरवणारे जंतू ओल्या, उबदार गादीतच पिकतात, आणि तिथे तूस टाकत बसण्यात शहाणपण नाही.

चुन्याबद्दल

वास आला की चुना मार, हा सल्ला सगळे देतात. माईंनीही दिला. त्या वर्षी मी तो आधी ऐकला आणि वास तासाभरात दुप्पट झाला. कारण साधे आहे. ओल्या गादीत अमोनियाचा बराच भाग क्षाराच्या रूपात अडकलेला असतो. चुन्याने आम्लपणा गेला की तो वायू होऊन उसळतो. चुना ओल शोषतो हे खरे, पण आधीच वास मारणाऱ्या गादीवर कोंबड्या आत असताना टाकणे म्हणजे आगीत तूप. कळीचा चुना तर कधीच नको, पाय आणि डोळे भाजतील.

काही घालायचेच असेल तर आम्लाकडे झुकणारे घालावे. सुपर फॉस्फेट किंवा अॅल्युमिनियम सल्फेट पोल्ट्रीवाले याच कामासाठी वापरतात. अॅल्युमिनियम सल्फेट १०० चौरस फुटांना अडीच ते साडेचार किलो भुरभुरून वरच्या दोन इंचांत मिसळावे, हातमोजे घालून, कोंबड्या बाहेर काढून. पण भांडे गळत असेल तर हा उपाय आठवडाभरही टिकत नाही. मी गेली दोन वर्षे वापरलेला नाही.

पाऊस सरल्यावर

पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परततो आणि मग उष्मा वाढतो. आता उलटे दुखणे सुरू होते. वरचा थर राखेसारखा कोरडा आणि तळाला पावसाळ्याची ओल. उकरताना धूळ दिसू लागली, मुठीत माल क्षणभरही गोळा राहत नसला, तर झारीने अगदी हलका शिडकावा करून हलवावे. वर्षातून ही एकच वेळ आहे जेव्हा मी गादीला स्वतःहून पाणी देते. नोव्हेंबरमध्ये तळापासून उलटून घ्यायचे.

पुढच्या फेब्रुवारीत जुन्या कोंबड्या काढून नव्या तलंगा आणताना गादी उपसायची. त्या वर्षी कळपात रोग झाला नसेल तर तिसरा हिस्सा जुना माल, काळसर, कोरडा, मातीचा वास येणारा, बाजूला ठेवायचा आणि नव्या तुसात मिसळायचा. दह्याला विरजण लावतात तसे. नवी गादी लवकर मुरते. रोग झाला असेल तर सगळे बाहेर, जमीन धुऊन उन्हात सुकवून नव्याने सुरुवात.

उपसलेला माल लगेच झाडांना घालू नये, मुळे करपतात. आमचा ढीग माडाखालच्या खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर चार-पाच महिने कुजतो. त्यातली दोन घमेली दरवर्षी माई कुंपणावरून मागून नेतात, त्यांच्या वांग्यांना.